तुला सोडून

आजी गेली तेव्हा मी दिल्लीत होते. पहाटे सव्वातीनला फोन आला. पहिलं विमान पकडून पुण्याला आणि तिथून गाडीने गावी पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले होते. अंगणात पाणी मारून झालं होतं. पुरुष नदीवरून परत येऊन ओल्या डोक्याने ओटीवर बसले होते. आत्याने मला आत नेलं, चहा दिला आणि सहज म्हणाली, "सगळे आले गं वेळेवर. मुंबईची आली, नाशिकची आली. तुला सोडून सगळे होते."

त्या 'सोडून'ने मला नंतर कितीतरी रात्री झोपू दिलं नाही. तिला फक्त 'तू नव्हतीस' म्हणायचं होतं, की 'आम्ही तुझ्यासाठी थांबलो नाही'? की घर सोडून गेलेली मी होते आणि तिने शब्द माझ्यावरच उलटवला होता?

मी भाषाशास्त्र शिकत होते. माणसाला कळ आली की तो कळीच्या जागी हात नेतो, आम्ही शब्दाच्या जागी नेतो. पण 'सोडून'कडे येण्याआधी एक जुना किस्सा सांगायला हवा, कारण हे सगळं मला पहिल्यांदा कळलं ते माझ्या एका चुकीमुळे.

दिल्लीतली माझी रूममेट मेरठची. पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हणाले, "मैं शाम को आऊँगा." ती उशीत तोंड खुपसून हसली. नंतर वर्षभर मला 'भाईसाहब' म्हणत होती. मी वैतागून म्हटलं, आमच्यात मुलगा असो की मुलगी, 'मी संध्याकाळी येईन' एवढंच असतं. तुमच्या भविष्यकाळाला माझं लिंग कशाला माहीत असायला हवं? ती म्हणाली, "ऐसे ही होता है." बहुतेक लोकांचं आपापल्या व्याकरणाबद्दल हेच मत असतं.

उत्तर पुढच्या सत्रात वर्गात मिळालं. ते 'गा' म्हणजे मुळात 'गेला' आहे.

संस्कृत 'गत', प्राकृतात त्यातला 'त' झिजून 'गअ', आणि त्याचं पुढे 'गा'. म्हणजे 'करेगा' हा एक शब्द नाही, दोन शब्द एकमेकांना चिकटलेत: 'करे' आणि 'गेला'. 'करे' हा आपल्या 'तो करी, ती करी'सारखाच जुना वर्तमानकाळ. हिंदीत पुढे 'करता है' आलं आणि 'करे'ची जागा घेतली. बेकार झालेलं 'करे' मग इच्छा, शक्यता, 'करावं' अशा अर्थांत उरलं. आता त्याला 'गेला' जोडा: 'तो करावं म्हणून गेला'. निघाला आहे, पण केलेलं नाही. आपणही म्हणतो की तो भाजी आणायला गेलाय. म्हणजे भाजी अजून घरात नाही. जो काही करायला गेला आहे त्याचं काम पुढे आहे, आणि या एका फटीतून भविष्यकाळ आत शिरला. 'गेला' हा भूतकाळ असूनही भविष्य कसं सांगतो, हे कोडं मला तोवर विचित्र वाटत होतं. भाजीच्या पिशवीने ते सुटलं.

आता रूममेटचं हसणंही समजतं. 'जाएगा, जाएगी, जाएँगे' यात शेवटचा तुकडा 'गेला, गेली, गेले'सारखा बदलतो, कारण तो अजून आतून विशेषणच आहे. पुढचा तुकडा मात्र पुरुष सांगतो: 'जाऊँ' मी, 'जाए' तो, 'जाएँ' ते. म्हणून 'जाऊँगी' या एवढ्याशा शब्दात 'मी' पहिल्या अर्ध्यात आहे आणि 'मुलगी' दुसऱ्या अर्ध्यात. सांधा तिथेच आहे, बोटाने दाखवता येतो. जुन्या हिंदी गद्यात तर त्या सांध्यात 'ही' घुसवलेला सापडतो. दोन्ही तुकडे तेव्हा पुरते चिकटले नव्हते.

ही खूण आपल्या भाषेतही चालते. तुम्ही स्वतः करून बघा. 'तो गेला, ती गेली' इथे लिंग आहे, कारण मराठीचा हा भूतकाळ एका जुन्या विशेषणातून, धातुसाधितातून आला. 'तो जातो, ती जाते' इथेही आहे, कारण त्यात 'जात' दडलेलं आहे. पण 'तो रोज देवळात जाई' आणि 'ती रोज देवळात जाई' यांत फरक नाही. 'जाईन'मध्ये नाही, 'जाईल'मध्ये नाही. क्रियापद लिंग बोलू लागलं की आत कुठेतरी एक विशेषण बसलंय असं समजायचं. रूममेटला मी हे मोठ्या रुबाबात सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अच्छा, भाईसाहब."

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये याने 1912 मध्ये या प्रकाराला नाव दिलं. मराठीत त्याला व्याकरणीकरण म्हणता येईल. स्वतःचा भरभक्कम अर्थ असलेला शब्द हळूहळू दुसऱ्यांच्या कामाला लागतो, अर्थाने फिका पडतो, आवाजाने झिजतो आणि शेवटी प्रत्यय होऊन बसतो. इंग्रजीत हे डोळ्यांदेखत घडलेलं दिसतं. 'गोइंग टु' म्हणजे मुळात कुठेतरी चाललेला माणूस. 'मी त्याला भेटायला चाललोय' यात चालणंही आहे आणि पुढे होणारी भेटही. ऐकणाऱ्याने यातलं कुठलं धरायचं? बराच काळ दोन्ही धरता येत होतं. मग कोणीतरी 'इट इज गोइंग टु रेन' म्हटलं. पाऊस काही चप्पल घालून निघत नाही. हे वाक्य चालू लागलं त्या दिवशी चालणं संपलं. आता 'गोइंग टु कम'सुद्धा बिनदिक्कत म्हणतात, 'यायला जाणार' असं. हिंदीचं 'आएगा' हेच आहे: आला आणि गेला एकाच शब्दात, आणि कुणाला खटकत नाही. त्यात 'गोइंग टु'चं 'गॉना' झालं ते फक्त भविष्याच्या अर्थी. 'आयॅम गॉना पुणे' कुणीही म्हणत नाही. खऱ्याखुऱ्या प्रवासाला पूर्ण शब्द लागतो.

'जाणे' दिसलं की भविष्यकाळ होणारच, असं मात्र नाही. मराठीने 'जाणे' वेगळ्याच नोकऱ्यांना लावलं. 'असं सांगितलं जातं' यात कोणी जात नाही. 'मी विसरून गेले' यातही मी जागची हललेली नाही. 'येणे'ची तर आणखी गंमत. आजी म्हणायची, "मला ते मोबाइल वापरता येत नाही." येणार कोण? वापरणं. ते तिच्यापर्यंत येत नव्हतं. शब्द कुठल्या वाटेला लागेल हे तो शब्द एकटा ठरवत नाही. तो कुठल्या वाक्यात रोज बसतो आणि त्या वाक्याचे दोन अर्थ लागू शकतात का, यावर ते ठरतं.

तर 'सोडून'.

हाही निघून जाण्याचाच शब्द. 'तिला स्टेशनवर सोडून आले' यात येणारी मीच, सोडणारीही मीच. मराठीत 'ऊन'वाल्या रूपाचा नियम हाच: दोन्ही क्रियांचा कर्ता साधारणपणे एक. मग 'तुला सोडून सगळे आले' घ्या. सगळे आले आणि सगळ्यांनीच तुला सोडलं, असा अर्थ लागू शकतो. किंवा तू वगळता सगळे आले, असाही. दोन अर्थांची हीच ती जागा, 'मी भेटायला चाललोय'सारखी. आता वाण्याच्या दुकानावरची पाटी वाचा: 'रविवार सोडून रोज उघडे'. इथे रविवारला कोण सोडून गेलं? कोणी नाही. 'मीठ सोडून सगळं आहे' म्हणताना मिठाला कुणी टाकलेलं नसतं. कर्ता नाहीसा झाला की क्रियापद क्रियापद राहत नाही. ते 'खेरीज'च्या शेजारी जाऊन बसतं.

पण पूर्ण नाही. आपण 'तुला सोडून' म्हणतो, 'तुझ्यासोडून' नाही. 'तुला' हे कर्माचं रूप, म्हणजे 'सोडणे' अजून कर्म मागतं आहे. 'करिता'शी ताडून पाहा. तेही एकेकाळी 'करणे'चं रूप होतं. पण आपण 'तुझ्याकरिता' म्हणतो, 'तुला करिता' नाही, आणि त्यात काही करणं कुणाला ऐकू येत नाही. 'करिता' नदी ओलांडून पलीकडे गेलं. 'सोडून' गुडघाभर पाण्यात उभं आहे.

आणि म्हणूनच ते बोचतं. पॉल हॉपर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1991 मध्ये या प्रकाराची काही तत्त्वं मांडली, त्यातलं एक असं की शब्द व्याकरणात गेला तरी जुन्या अर्थाचा माग त्याच्यावर राहतो. 'गा' गेल्या अनेक शतकांत कुठेही गेलेला नाही, तरी मुलगी दिसली की 'गी' होतो. 'सोडून'वर तर माग अगदी ताजा आहे.

मी आत्याचं वाक्य वहीत लिहून तपासलं, इतकी मी वेडी आहे. सोडून जाण्याचाच अर्थ असता तर 'सोडून'च्या जागी 'सोडून देऊन' बसवता आलं असतं. 'तुला सोडून देऊन सगळे होते' हे वाक्यच होत नाही. 'तुला न सोडता सगळे होते' हेही नाही, आणि खऱ्या क्रियापदाला नकार तर घेता यायला हवा. शिवाय 'होते' म्हणजे नुसतं असणं, त्यात कुणी कुठून निघालेलं नाही. तिन्ही तपासण्यांचा निकाल एकच: आत्या म्हणाली ते 'तुझ्याखेरीज'. निर्दोष. वही मिटली आणि तरीही झोप आली नाही. वाक्य सुटलं होतं, पण आजीला अग्नी दिला तेव्हा मी विमानात होते, हे त्यामुळे बदलत नव्हतं.

तेराव्याला पुन्हा गावी गेले. स्वयंपाकघरात वाफ, पुरणाचा वास, आणि पाट कमी पडतील म्हणून शेजारून मागवायचे की नाही यावर वाद चाललेला. आत्या दारात उभी राहून बोटांवर मोजत होती. मुंबईचे चार, नाशिकचे तीन, ब्राह्मण, शेजारचे काका. मग तिची नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही, आणि ती आत ओरडली, "तुम्हा दोघींना धरून अठरा पानं घ्या गं."

दोघींतली दुसरी नाशिकची चुलत बहीण होती. तिने मला कोपर मारलं आणि आम्ही केळीची पानं पुसायला बसलो.