रंगाला शब्दाची जोड

निळा आणि जांभळा हे दोन रंग मला एकच दिसतात. तपकिरी आणि गडद हिरवा यांच्यातही माझी नेहमी गफलत होते. शाळेतील वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या वर्तुळात दडलेला आकडा मला वाचता आला नाही, तेव्हा घरच्यांना माझ्या रंगांधत्वाचा पत्ता लागला. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रवैद्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली ती चाचणी आजही जगभर वापरली जाते. गेल्या वर्षी माझ्या भाच्याचीही तीच चाचणी झाली आणि निष्कर्षही तोच निघाला.

मामा आणि भाचा यांच्यात हा वारसा सारखा असावा, यात नवल नाही. लाल-हिरव्या रंगांधत्वाचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला ते गुणसूत्र केवळ आईकडून मिळते. माझी ताई स्वतः सर्व रंग उत्तम ओळखते. तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी निर्दोष असलेले एक तिच्यासाठी पुरेसे ठरते. मुलाजवळ मात्र असे राखीव गुणसूत्र नसते. म्हणूनच युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना हा दोष आढळतो, तर स्त्रियांत जेमतेम अर्ध्या टक्क्याला.

रोजच्या व्यवहारात आम्हा दोघांचे फारसे अडत नाही, कारण वस्तू स्वतःच आपला रंग सांगतात. पान हिरवे, वीट तांबडी, हे डोळ्यांपेक्षा स्मरणाला अधिक ठाऊक असते. अडचण येते ती जिथे रंगाखेरीज दुसरी खूणच नसते तिथे, आणि संगणकावरील खेळांत असे वारंवार घडते.

भाच्याचे उदाहरण सांगतो. सुटीत चुलत-मामे भावंडे मिळून ‘अमंग अस’ हा खेळ खेळत. अंतराळयानातील काही सोबत्यांपैकी एखादा छुपा घातपाती असतो; संशय आला की सर्वजण चर्चा करून मतदानाने एकाला यानाबाहेर काढतात. सगळी पात्रे घडणीने सारखीच, ओळख मुख्यतः रंगाची. चर्चेतली भाषाही रंगांचीच: ‘मी तपकिरीला तिथून पळताना पाहिले.’ भाचा तपकिरीऐवजी हिरव्याचे नाव घेई, जांभळ्यावरचा आळ निळ्यावर येई, आणि निरपराध खेळाडू बाहेर पडे. भावंडांच्या मते तो खोटे बोलत होता. खेळच खोटे बोलण्याचा असल्याने त्याच्या खरेपणाला पुरावा उरत नसे. चार दिवसांत त्याने भ्रमणध्वनी बाजूला ठेवला आणि ‘मला हा खेळ आवडत नाही’ एवढेच सांगितले.

या खेळाच्या सेटिंगमध्ये रंगांध खेळाडूंसाठी एक सोय आहे. ती सुरू केली की प्रत्येक पात्राजवळ त्याच्या रंगाचे नाव अक्षरांत दिसू लागते. तारा जोडण्याच्या कामातही प्रत्येक तारेशी रंगाबरोबर एक चिन्ह असते. रंग न पाहता केवळ चिन्हे जुळवूनही ते काम पुरे होते. आम्ही ही सोय सुरू करून दिली. पुढच्या डावात भाच्याने घातपात्याचे नाव अचूक सांगितले. विशेष म्हणजे, यासाठी पडद्यावरचा एकही रंग बदलला नव्हता. रंगाला केवळ शब्दाची जोड मिळाली होती.

हा भेद पालकांनी ध्यानात घ्यावा. ‘कलरब्लाइंड मोड’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. एक वर सांगितली ती. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण चित्रावर जणू रंगीत काच धरली जाते आणि गोंधळात टाकणारे रंग एकमेकांपासून दूर सरकवले जातात. फोनच्या सेटिंगमध्येही अशी सोय मिळते. ती कधी उपयोगी पडते. पण लाल आणि हिरवा दूर करताना दुसरी एखादी जोडी जवळ येऊ शकते, आणि सारे चित्र विचित्र रंगाचे होते ते वेगळेच. शिवाय दोषाचे प्रकार भिन्न असतात. कोणाला लाल रंग काळपट दिसतो, कोणाला हिरव्याची छटा हरवते, तर क्वचित कोणाला निळ्या-पिवळ्यात अडचण येते. एकाला मानवणारा पर्याय दुसऱ्याला निरुपयोगी ठरतो. मुलाला ज्या दोन वस्तू सारख्या दिसतात, त्या पडद्यावर असतानाच एकेक पर्याय लावून पाहावा आणि निवड त्याच्यावर सोपवावी. यांपैकी कोणत्याही सोयीने डोळ्यांतील दोष बरा होत नाही, हेही त्याला स्पष्ट सांगावे.

रंगाचे जे, तेच आवाजाचे. माझ्या आईला अलीकडे कमी ऐकू येते, तरी नातू कथाप्रधान खेळ खेळत असला की ती शेजारी बसून कथा ऐकते. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत,’ ही तिची तक्रार शास्त्राला धरून आहे. उतारवयात उंच पट्टीतील ध्वनी आधी मंदावतात. त्यामुळे स्वर पोहोचतात, परंतु स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज मोठा केला तर संवादाबरोबर संगीत आणि स्फोटही मोठे होतात. त्यापेक्षा संगीत व इतर ध्वनी यांची पातळी स्वतंत्रपणे उतरवून उपशीर्षके सुरू करणे हिताचे. अक्षरे मोठी असावीत, त्यांच्यामागे गडद पट्टी असावी आणि बोलणाऱ्याचे नाव आधी यावे. मराठी उपशीर्षके मला अद्याप कोणत्याही मोठ्या खेळात दिसलेली नाहीत. आईचे काम सध्या इंग्रजीवर आणि नातवाच्या तोंडी अनुवादावर चालते.

केवळ संवाद लिहिणेही पुरेसे नसते. पाठीमागून आलेल्या पावलांचा आवाज हा खेळात इशारा असतो, आणि बहिऱ्या खेळाडूला तो मिळाला नाही तर त्याची हार ठरलेली. ‘फोर्टनाइट’मध्ये ध्वनी डोळ्यांना दाखवण्याची सोय आहे: पावले, गोळीबार किंवा खजिन्याची पेटी जवळ असली की पडद्याच्या मध्याभोवती त्या त्या दिशेला चिन्ह उमटते.

अशा सोयी मूठभरांसाठीच असतात, हा समज आकड्यांनी खोटा ठरवला आहे. ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ या खेळात उपशीर्षके आरंभी बंद असत. तरी सुमारे ६० टक्के खेळाडूंनी ती शोधून सुरू केली, असे युबिसॉफ्ट या निर्मात्या कंपनीने २०१९ साली सांगितले. त्या मालिकेतील पुढच्या ‘ओडिसी’मध्ये ती आरंभापासूनच सुरू ठेवली, तेव्हा सुमारे ९५ टक्के खेळाडूंनी ती तशीच राहू दिली. झोपलेल्या बाळाजवळ आवाज बारीक करून खेळणारा आणि परकी भाषा अर्धवट जाणणारा, अशा दोघांनाही ती हवीच असतात.

नवा खेळ घरात आणण्यापूर्वी मी आता दोन साध्या गोष्टी करतो. खेळाचे एक छायाचित्र फोनवर कृष्णधवल करून पाहतो. शत्रू-मित्र तेव्हाही वेगळे ओळखू आले, तर तो खेळ आम्हा मामा-भाच्यांना खेळता येईल. मग आवाज पूर्ण बंद करून पाच मिनिटे खेळतो. काय घडते आहे हे तरीही समजले, तर आईलाही शेजारी बसवता येते.