सन एकोणीसशे तेहेतीस

वाचकहो, आपल्या घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीचे जन्मवर्ष आपणांस कोठून ठाऊक झाले, याचा आपण कधी विचार केला आहे काय? बहुधा ते कोणीतरी केव्हातरी तोंडी सांगितलेले असते. मग ते शिधापत्रिकेवर चढते, तेथून मतदारयादीत जाते, तेथून आधारपत्रावर. प्रत्येक नवा कागद आधीच्या कागदाचा हवाला देतो. पाच कागद एकच साल सांगू लागले की पाच साक्षीदार मिळाले असे आपल्याला वाटते. वस्तुतः साक्षीदार एकच असतो, आणि त्याने ते साल का सांगितले हे त्याला कोणी विचारलेले नसते.

माझ्या आजीचे साल १९२९ होते. त्याविषयी आमच्या घरात कोणालाही शंका नव्हती. २०१० साली तिला एक्याऐंशी वर्षे झाली असे धरून आम्ही तिचे सहस्रचंद्रदर्शन थाटाने साजरे केले. नातेवाईक गावोगावहून आले, चांदीचे चंद्रबिंब दान दिले गेले. तेव्हा औक्षण करून घेताना आजी हसून म्हणाली होती, "हजार चंद्र मोजलेत कोणी?" म्हातारपणीची थट्टा म्हणून आम्ही सारे हसलो.

पुढे सातारा जिल्ह्यातील आमच्या जुन्या घराचे छप्पर उतरवायचे ठरले, म्हणून मी रजा घेऊन गावी गेले होते. माळ्यावर पणजीची पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात दोन जीर्ण लुगडी, पितळी करंडा आणि वाळून कुरकुरीत झालेली कडुनिंबाची पाने एवढेच निघाले. तळाशी जुने वर्तमानपत्र अंथरलेले होते; ते उचलले तर त्याखाली मेणकापडात गुंडाळलेला, चार घड्यांचा एक कागद सापडला. शाई मूळची काळी असावी. आता ती पिवळट तपकिरी झाली होती. कागद घड्यांवर इतका विरला होता की तो उलगडताना मी श्वास रोखून धरला. (अशा वेळी चिकटपट्टी लावण्याचा मोह कोणालाही होतो. तो आवरावा. तिचा डिंक काही वर्षांत कागदात मुरतो आणि अक्षरांसकट कागद काळवंडतो.)

तो शाळा सोडल्याचा दाखला होता. विद्यार्थिनीचे नाव एका नदीचे होते, आणि त्या नावाची बाई आमच्या घराण्यात मला कोणी ठाऊक नव्हती. परंतु वडिलांचे नाव आणि आडनाव ओळखीचे होते. ते आजीच्या माहेरचे. मग उलगडा झाला. आजीचे आम्हांला माहीत असलेले नाव लक्ष्मीचे आहे, ते लग्नात तांदळांवर लिहून ठेवलेले. सासरी नाव बदलण्याची आपल्याकडची रीत वाचकांना परिचित आहेच. जुन्या कागदांत आपल्या घरच्या स्त्रिया सापडत नाहीत त्याचे निम्मे कारण हीच रीत आहे.

जन्मतारखेच्या रकान्यात १६ जानेवारी एवढे स्पष्ट होते. सालाचा शेवटचा आकडा मात्र नेमका घडीवर आला होता. तो २ असेल, ३ असेल, ९ सुद्धा असू शकेल. परंतु शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख आकड्यांनी लिहून पुन्हा 'अक्षरी' लिहिण्याची पद्धत आहे. सकाळचे तिरपे ऊन ओसरीवर येताच मी कागद त्यात आडवा धरला. टाकाने कागदावर पाडलेली चीर शाई उडाली तरी राहते, आणि आडव्या उजेडात तिची सावली पडते. 'सन एकोणीसशे तेहेतीस' ही अक्षरे मी तीनदा वाचली.

आता पुढचे रकाने पाहा. शाळेत दाखल झाल्याची तारीख जून १९३९, वर्ग बिगरी. शाळा सोडताना इयत्ता चौथी. शाळा सोडण्याचे कारण : 'लग्न झाल्यामुळे'. दाखला दिल्याची तारीख ७ जून १९४४.

आजीचे लग्न १९४४ च्या वैशाखात झाले, हे घरात सर्वांना पाठ आहे. आजवर आम्ही मनात हिशेब करीत आलो तो असा : १९२९ चा जन्म, म्हणजे लग्नात पंधरा वर्षे, त्या काळाच्या मानाने थोरच म्हणायची. दाखल्याप्रमाणे हिशेब केला तर नवरी अकरा वर्षे आणि चार महिन्यांची होती.

हे चार वर्षांचे अंतर विसराळूपणाने पडलेले नव्हते. हरबिलास सारडा यांच्या खटपटीने १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून तो ब्रिटिश हिंदुस्थानात अमलात आला. मुलीला चौदा आणि मुलाला अठरा वर्षे पुरी झाल्याखेरीज लग्न लावणे हा गुन्हा ठरला. लग्न लावून देणाऱ्या आईबापांना एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. मात्र स्त्रियांना कैद नव्हती. हजार रुपये ही त्या वेळी लहान शेतकऱ्याला घरादारावरून उठवणारी रक्कम होती. परंतु कायद्यात दोन गोष्टी अशा होत्या की त्यांनी त्याची धार बोथट केली. लागलेले लग्न रद्द होत नसे. आणि लग्नाला एक वर्ष उलटून गेले की न्यायालयाला त्या गुन्ह्याची दखलच घेता येत नसे. म्हणजे खोटे वय फक्त एक वर्ष टिकवायचे होते. आमच्या घरी ते ऐंशी वर्षे टिकले!

तथापि, दाखल्यावर आहे म्हणून तेच खरे, असेही मानून चालणार नाही. जुन्या शाळांत मुलाच्या जन्माची नोंद पालकाला सांगता आली नाही, तर गुरुजी मुलाकडे पाहून वय ठरवीत आणि १ जून ही तारीख घालीत. कारण शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. एका पिढीतील निम्मा गाव १ जूनला जन्मलेला दिसतो तो यामुळे. आजीची तारीख १६ जानेवारी होती, हे पहिले आश्वासन. दाखल्याच्या कोपऱ्यात शाळेच्या जनरल रजिस्टरातील तिचा क्रमांक होता. ती शाळा अजून चालू आहे. मुख्याध्यापकांनी कपाटातून कापडी बांधणीचे रजिस्टर काढून तो क्रमांक मला दाखविला. तारीख तीच होती. यातील महत्त्वाची बाब अशी की ही नोंद जून १९३९ ची, म्हणजे लग्नाच्या पाच वर्षे आधीची. सहा वर्षांच्या मुलीला बिगरीत घालताना तिचे वय चोरण्याचे बापाला काहीच कारण नव्हते. १९२९ साल प्रथम दिसते ते लग्नाच्या वेळी, आणि तेव्हा कारण होते.

शेवटचा पुरावा आजीच्या माहेरी मिळाला. तिच्या भाच्याने देव्हाऱ्यामागच्या डब्यातून भावंडांची टिपणे काढली. आजीच्या टिपणावर शके १८५४, पौष वद्य असे होते. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो असे आपण शाळेत शिकतो, आणि त्याप्रमाणे १९३२ येते. पण शक बदलतो गुढीपाडव्याला आणि इसवी सन बदलतो जानेवारीत. म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या जन्मांना ७९ मिळवावे लागतात. पौष वद्य पक्ष त्या वर्षी जानेवारीत पडला. १८५४ अधिक ७९ : १९३३.

एवढे झाल्यावर मला खरे तर समाधान वाटायला हवे होते. परंतु ७ जून ही तारीख माझी पाठ सोडीना. शाळा सोडल्याचा दाखला आपोआप घरी येत नाही. तो मागावा लागतो, आणि दुसऱ्या शाळेत नाव घालायचे असेल तरच मनुष्य तो मागतो. लग्न वैशाखात लागले. मुलगी सासरी गेली. आणि त्यानंतर शाळा उघडताच कोणीतरी मुद्दाम जाऊन हा कागद आणला. तो पुढे शाळेत न जाता ट्रंकेच्या तळाशी का गेला?

मी तो कागद आजीपुढे ठेवला. तिला आता वाचता येत नाही. मोतीबिंदूनंतर एका डोळ्याने अंधुक दिसते तेवढेच. तिने घड्यांवरून बोट फिरविले आणि विचारले, "मेणकापडात होता का ग?"

"तुला ठाऊक होता?"

"आबांनी आणला होता." आबा म्हणजे तिचे वडील. "आषाढात मला भेटायला आले तेव्हा. इथल्या शाळेत पाचवीत घाला म्हणून सासूबाईंच्या हातात दिला. मामंजींनी वाचला आणि म्हणाले, हा कागद मास्तराला दाखवला तर आपण दोघे व्याही कचेरीत उभे राहू."

खोटे वय आणि खरा दाखला एका घरात नांदणे शक्य नव्हते. दाखला दाखवावा तर वय उघडे पडते. तो न दाखवावा तर शाळेत नाव घालता येत नाही. आबांनी स्वतःच वय वाढवून सांगितले होते, आणि त्याच हाताने मुलीला शिकविण्याचा कागदही आणला होता. त्या माणसाविषयी मला रागही येतो आणि कणवही वाटते. दोहोंपैकी एक निवडणे मला अजून जमलेले नाही. पणजीने तो कागद जाळला नाही, ही गोष्टही मी तिच्या बाजूला जमा धरते.

"आणि वर्ष उलटल्यावर?" मी विचारले. "मग तर भीती नव्हती."

"वर्ष उलटल्याचे कोण मोजतेय? तोवर जात्याला हात लागला होता." थोडे थांबून ती म्हणाली, "मला सांगून ठेवले होते, कोणी वय विचारले तर पंधरा म्हणायचे. मी म्हणत गेले. पुढच्या वर्षी सोळा, मग सतरा. नंतर तेच माझे झाले."

आधारपत्रावरील साल बदलून घ्यावे काय, यावर माझ्या वडिलांनी आणि काकांनी दोन दिवस खल केला. आजीला त्यात काडीचाही रस नव्हता. तिने तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावले आणि दाखल्यात आणखी काय आहे ते सगळे वाचायला लावले. मी नाव वाचले, जात वाचली, वर्तणूक 'चांगली' हे वाचले.

"परीक्षेचे काही आहे का?" तिने विचारले. "चौथीची परीक्षा दिली होती मी. निकाल लागायच्या आत लग्न झाले. आबांना विचारायचे राहिले, मग ते गेले."

खालच्या कोपऱ्यात 'शेरा' म्हणून एक रकाना होता. तेथील अक्षर फार फिके होते आणि इतके दिवस सालाच्या नादात मी त्याकडे पाहिलेच नव्हते. कागद घेऊन मी पुन्हा ओसरीवर उन्हात गेले. आतून आजीने दोनदा हाक मारली. अक्षर लागायला वेळ लागला. मग मी उंबऱ्यात येऊन तिला मोठ्याने वाचून दाखविले : इयत्ता चौथी, वार्षिक परीक्षा पास.