मुन्नीच्या चिठ्ठ्या

आमच्या बालवर्गातल्या एका मुलीची जून ते दिवाळीची सुट्टी एवढ्या एका सत्राची ही नोंद. तिला इथे मुन्नी म्हणू. नाव बदललेलं आहे आणि लिहिण्याआधी तिच्या अम्मींना विचारलं आहे. मुन्नी साडेचार वर्षांची, घरी दखनी उर्दू बोलणारी, संध्याकाळी मकतबात कायदा शिकणारी. शाळा सुरू होऊन महिना होत नाही तोच तिच्याबद्दल तीन मतं तयार झाली होती. वर्गातली खाला म्हणायची, पोर हट्टी आहे, मनात असेल तेव्हाच ऐकते. घरातल्या एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं, डोक्याने जरा मंद आहे, एक वर्ष मागे ठेवा. आणि तिच्या अब्बांना वाटत होतं की उर्दू आणि मराठी एकदम कानावर पडल्याने पोरगी गोंधळली आहे, तेव्हा दोहोंपैकी एक भाषा बंद करावी.

तिन्ही मतं मनापासूनची होती, पण पुरावा कुठल्याच मताला नव्हता. एक वर्ष मागे ठेवणं किंवा घरातली भाषा तोडणं ही काही लहान गोष्ट नाही. ते ठरवण्याआधी निदान सत्रभर काय दिसतं ते लिहून तरी ठेवू, असं आम्ही दोघी शिक्षिकांनी ठरवलं. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही या वयाच्या मुलांची परीक्षा न घेता निरीक्षण करावं आणि त्यांच्या हातचं काम पाहावं, असंच सांगितलं आहे.

आमची पद्धत साधी आहे. पाठकोऱ्या कागदाच्या पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढ्या चिठ्ठ्या कापून खिशात ठेवायच्या. एका चिठ्ठीवर एकच प्रसंग. वर तारीख, वेळ, जागा, आणि खाली मुलाने काय केलं, काय म्हटलं, तेही त्याच्याच शब्दांत. चिठ्ठी त्याच दिवशी पुरी करायची, कारण रात्र गेली की प्रसंग पुसट होतो आणि त्याच्या जागी आपलं मत येऊन बसतं. 'लक्ष नाही', 'हट्टी', 'गुणी' हे शब्द चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला येऊ द्यायचे नाहीत. 'मुन्नीचं आज लक्ष नव्हतं' असं लिहिलं तर महिन्याने ते वाचून काहीच कळत नाही. ती कुठे बसली होती, कोण बोललं, कुठून बोललं, त्या वेळी तिचे हात काय करत होते, हे लिहिलं तर चिठ्ठी पुढे बोलते. आमचा अंदाज असेलच, तर तो मागच्या बाजूला, पेन्सिलीने.

मुन्नीच्या अशा चिठ्ठ्या आठवड्याला तीनेक होत. त्यातली एक जशीच्या तशी देतो. '२४ जून, सकाळी ९.४०, वाळूची जागा. वाट्या भरत होती. नाक वाहत होतं. मागून म्हटलं, मुन्नी, पाणी आण. वाट्या भरणं चालूच. पुन्हा म्हटलं. चालूच. शेजारच्या मुलीने हात लावला. तिने वर पाहिलं. समोरून तेच सांगितलं. लगेच उठून पाणी आणलं.'

दुसरी २ जुलैची. गोष्टीच्या वेळी ती पहिल्या ओळीत होती. हातातल्या कापडी बाहुल्यांवरून गोष्ट चालली होती, आणि मध्येच तिने विचारलं, 'फिर शेर कां गया?' ९ जुलैला पुन्हा सर्दी होती. 'पान दे' म्हटल्यावर तिने आपल्या कानाला हात लावला.

चिठ्ठ्यांच्या जोडीला कामाचे नमुने. चित्र, रंगवलेला कागद, मातीच्या वस्तूचा फोटो. सगळंच जपून ठेवलं तर गठ्ठा होतो आणि कुणी उघडून पाहत नाही. फक्त सुंदर तेवढं ठेवलं तर ते प्रदर्शन होतं. म्हणून पंधरा दिवसांतून दोन, आणि शक्य तिथे त्याच प्रकारचं काम पुन्हा. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, मदत झाली की नाही, आणि काम कसं समजावलं होतं ते. ही शेवटची बाब बरेच जण लिहीत नाहीत. मुन्नीच्या बाबतीत सगळं तिच्यावरच फिरलं.

१६ जुलैचा नमुना घ्या. कागदावर सात चेंडू. तीन लाल, बाकीचे पिवळे करायचे होते. मुन्नीने सातही लाल केले. नुसता कागद पाहणारा म्हणेल, हिला तीन कळत नाहीत. मागे लिहिलं होतं, 'सूचना तोंडी, फळ्याजवळून, सगळ्या वर्गाला. ती मागच्या ओळीत. शेजारणीच्या कागदाकडे दोनदा पाहिलं, मग लाल खडू उचलला.' शेजारीण तेव्हा लालच रंग देत होती.

आठवड्याने, २३ जुलैला, मण्यांची माळ. लाल, लाल, निळा, लाल, लाल, निळा असं आम्ही न बोलता ओवून दाखवलं. तिने चौदा मणी न चुकता ओवले. त्याच दिवशी चिंचोके मोजले. प्रत्येक चिंचोक्यावर बोट ठेवत एक ते आठ. 'कितने हुए?' म्हटल्यावर पुन्हा न मोजता 'आठ'. एका वस्तूला एक अंक, आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या, या दोन्ही गोष्टी तिच्या हाताशी होत्या. मग सात लाल चेंडू आले कुठून?

जुलैअखेर तिच्या एकोणीस चिठ्ठ्या झाल्या होत्या. सुट्टीनंतर आम्ही त्या चटईवर मांडल्या. आधी नेहमीप्रमाणे भाषा, खेळ, हातांची कामं अशा ढिगांत लावून पाहिल्या. भाषेचा ढीग कमजोर दिसला, बस्स. मग भाषेनुसार. एकोणिसांपैकी अकरा चिठ्ठ्यांत मोठ्या माणसाने तिला काही सांगितलं किंवा विचारलं होतं. त्यातल्या चार वेळा तिने प्रतिसाद दिला नव्हता. दोनदा सूचना मराठीत होती, दोनदा उर्दूत. म्हणजे दोन भाषांचा गोंधळ म्हणावा, तर तो तिच्या मायबोलीतही तितकाच होता.

तिसऱ्यांदा लावताना एकच गोष्ट पाहिली, बोलणारा कुठे होता. सहा चिठ्ठ्यांत तो समोर होता, चेहरा दिसत होता, आणि सहाही वेळा मुन्नीने पहिल्याच हाकेला ऐकलं. पाच चिठ्ठ्यांत तो मागे होता किंवा वर्गात गलका होता. त्यातल्या चार वेळा काही नाही, एकदा मात्र तिने वळून पाहिलं. त्या चारांपैकी तीन चिठ्ठ्यांवर नाक वाहत असल्याचं लिहिलेलं होतं. जिला वळून पाहता आलं, त्या दिवशी तिला सर्दी नव्हती. 'मनात असेल तेव्हा ऐकते' हे खालाचं वाक्य कुठून आलं, तेही त्या एका चिठ्ठीवरून समजलं.

अकरा चिठ्ठ्यांवरून निदान होत नसतं, आणि ते शिक्षिकेचं कामही नाही. पाठीमागून हाक मारणं म्हणजे श्रवणचाचणी नव्हे. म्हणून पुढचे दोन आठवडे आम्ही ठरवून पाहिलं. रोज एकदा साध्या आवाजात समोरून, एकदा मागून, आणि त्या दिवशी सर्दी आहे की नाही याची नोंद. चित्र तेच राहिलं.

तिच्या अम्मींना बोलावलं तेव्हा आम्ही आमचं मत सांगितलं नाही, चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. त्या आधी म्हणाल्या, 'टीचर, घर में तो दिनभर बोलतीच रहती.' मग थोडं थांबून, 'टीव्ही का आवाज लई बढाती. और सोते वखत मुंह खुल्ला, खर्राटे लेती.' मकतबातल्या आपांनाही त्यांनी विचारून घेतलं. तिथे मुन्नी व्यवस्थित वाचते. आपा समोर बसतात, अक्षरावर बोट ठेवतात आणि एकेका मुलीकडून म्हणवून घेतात. एकच मूल एका ठिकाणी हुशार आणि दुसऱ्या ठिकाणी मंद कसं, याचा उलगडा तिथेच झाला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानात छोटी बोंडी बसवून यंत्रावर आलेख काढला. निरोगी कानात त्यावर डोंगरासारखं टोक येतं. मुन्नीच्या दोन्ही कानांची रेघ जवळजवळ सपाट आली. पडद्यामागे पाणी साचलेलं होतं. या वयात हे पुष्कळ आढळतं, विशेषतः वारंवार सर्दी होणाऱ्या आणि नाकामागची गाठ वाढलेल्या मुलांत. दुखत नाही, म्हणून कुणाला सांगतही नाहीत. मुलाला कानात बोटं घालून ऐकल्यासारखं ऐकू येतं, आणि तेही कमीजास्त होत राहतं. बरेचदा हे पाणी आपोआप जातं, म्हणून डॉक्टरांनी तीन महिने थांबून पुन्हा तपासायला सांगितलं. राहिलंच तर पुढचे उपाय आहेत. तोवर कानात तेल किंवा दुसरं काहीही घालायचं नाही. नानींना हे पटवायला अम्मींना बरेच दिवस लागले म्हणे. ज्यांना खाजगी दवाखाना परवडत नाही, त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. अंगणवाड्यांत आणि सरकारी-अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तपासणीला येतात, आणि त्यांच्या यादीत ऐकण्याच्या तक्रारीही असतात.

वर्गात आम्ही फारसं काही केलं नाही. मुन्नीला पुढे बसवलं, सांगण्याआधी खांद्याला हात लावला, खिडकीकडे पाठ करून बोलणं टाळलं, कारण उजेड मागे असला की चेहरा काळा दिसतो. ११ सप्टेंबरला चेंडूंचाच कागद पुन्हा दिला, या वेळी चार हिरवे, तीन निळे, सूचना तिच्याजवळ बसून. बरोबर आला. तो जुलैच्या कागदाला टाचून ठेवला आहे. अर्थात दोन महिन्यांत मूल वाढतंही, सगळं श्रेय जागा बदलण्याला देता येत नाही.

चित्रांमध्ये ती वाढ वेगळी दिसते. जूनमध्ये माणूस म्हणजे एक मोठा गोल आणि त्यालाच चिकटलेले हातपाय. ऑगस्टमध्ये धड आलं. ऑक्टोबरमध्ये घरातली पाच माणसं, नानींच्या डोक्यावर ओढणी, अब्बांच्या हाताला मोजून पाच बोटं. कुणी म्हणेल, पाचांपैकी एकालाही कान नाहीत, पाहा! या वयातली बहुतेक मुलं कान काढतच नाहीत. त्यावरून काही ठरवू नये. चित्रं एवढंच सांगतात की तिची वाढ सत्रभर आपल्या चालीने सुरू होती.

१ ऑक्टोबरच्या चिठ्ठीवर तिचं आमच्याशी स्वतःहून बोललेलं पहिलं पूर्ण मराठी वाक्य आहे. 'टीचर, माझा डबा सांडला.' त्यानंतरच्या आठवड्यात तिला पुन्हा सर्दी झाली, आणि मागून दिलेल्या हाका पुन्हा तशाच गेल्या.

सत्राअखेर एक्केचाळीस चिठ्ठ्या आणि चौदा नमुने झाले. एक वर्ष मागे ठेवण्याचा विषय घरात बंद झाला आहे, आणि अब्बांनी दोन्ही भाषा चालू ठेवल्या आहेत. पुढची तपासणी नोव्हेंबरच्या शेवटी आहे. अम्मींनी चिठ्ठ्यांची नक्कल मागून घेतली, डॉक्टरांना दाखवायला.