फोडणीला हाताशी

महाराष्ट्रीय स्वयंपाकघरातील डब्यांच्या मांडणीचा विचार फोडणीपासून सुरू करणे सोयीचे ठरते, कारण त्या घरातील सर्वांत घाईचे काम तेच असते. तापलेल्या तेलात मोहरी तडतडली की जिरे, हिंग, हळद आणि तिखट लागोपाठ पडायला हवे, आणि हळद घातल्यावर तिखट शोधण्यात वेळ गेला तर ती करपून तिचा कडवटपणा सबंध भाजीत उतरतो. मिसळणाचा डबा, म्हणजे ज्याच्या पोटात सहसा सात वाट्या बसतात आणि ज्याला एकच झाकण असते असा गोल डबा, या घाईवरचा जुना आणि आजही न हटलेला तोडगा होय. त्याच्या वाट्या मात्र निम्म्याच भराव्यात, कारण काठोकाठ भरलेल्या वाटीतून चमचा उचलताना हळद मोहरीत आणि तिखट जिऱ्यात सांडते, शिवाय उघड्या वाटीतली पूड जितकी कमी तितका तिचा वास उडण्यापूर्वी ती संपते. हिंगाची जागा या डब्यात नाही. त्याचा उग्र दर्प शेजारच्या प्रत्येक जिनसाला चिकटतो, म्हणून त्याची घट्ट झाकणाची डबी वेगळी, पण डब्याला खेटूनच असावी.

हा डबा शेगडीच्या बाजूला, हात पोहोचेल पण आच लागणार नाही अशा ठिकाणी शोभतो. शेगडीच्या बरोबर वर फळी ठोकून तिच्यावर मसाल्यांच्या काचेच्या बाटल्यांची रांग लावण्याची हौस अनेक घरांत दिसते, आणि ती रांग देखणी असते हे नाकारता येत नाही. परंतु खालून येणाऱ्या वाफेने पुडी ओलसर होऊन त्यांच्या गुठळ्या होतात, उष्णतेने सुगंधी तेले उडून जातात आणि उजेडाने तिखटाचा लाल रंग हळूहळू विटकरी व मग फिकट होतो. तिखटाची नवी पूड शेजारी ठेवून पाहिली की हा फरक लगेच कळतो. काच वापरायचीच असेल तर ती बंद फडताळात ठेवावी.

धान्याच्या डब्यांत नीटनेटकेपणा बिघडतो तो बहुधा मापाच्या चुकीमुळे. धान्य किलोवर विकत घेतले जाते, डब्यात मात्र ते जागा व्यापते, आणि एक किलो तांदळाला साधारण सव्वा लिटर जागा पुरत असली तरी तेवढ्याच वजनाच्या कणकेला पावणेदोन ते दोन लिटर आणि पातळ पोह्यांना त्याहून कितीतरी अधिक जागा लागते. पाच किलो तांदूळ व पाच किलो कणीक आणणाऱ्या घराने एकाच मापाचे दोन डबे घेतले, समजा सात लिटरचे, तर तांदूळ मावून वर थोडी मोकळी जागा उरते, पण एक-दीड किलो कणीक पिशवीतच राहते. मग रबर लावलेली ती पिशवी डब्याच्या डोक्यावर बसते आणि सगळी मांडणी विस्कटलेली दिसू लागते. कणकेसाठी दहा लिटरचा डबा घेतला की ही पिशवी आपोआप नाहीशी होते.

तांदळाच्या डब्याला आणखी एक पथ्य आहे. सोंडे, म्हणजे पुढे सोंडेसारखे तोंड असलेले तपकिरी-काळसर किडे, दाण्याला भोक पाडून त्यात अंडी घालतात, त्यामुळे दुकानातून आलेले स्वच्छ दिसणारे तांदूळही उष्ण हवेत महिन्याभराने किडलेले निघू शकतात. डब्याच्या तळाशी पांढरट पीठ दिसणे आणि दाण्यांना बारीक भोके असणे ही त्याची खूण होय. म्हणून जुन्या तांदळावर नवे ओतू नयेत. आधीचे संपवून डबा धुऊन, पूर्ण कोरडा करून मगच भरावा. कडधान्याला कडक ऊन देण्याची रीत चांगली असली तरी तांदळाला ती मानवत नाही, उन्हात त्याचे दाणे तडकून पुढे भात शिजवताना कण्या होतात. हे जड डबे सर्वांत खाली, पण फरशीवर नव्हे तर पाटावर किंवा मांडणीच्या तळच्या फळीवर ठेवावेत, म्हणजे जमिनीची ओल त्यांना लागत नाही आणि उचलताना पाठही धरत नाही.

तेलाच्या बाबतीत नेमकी हीच चूक, जुन्यावर नवे ओतण्याची, अधिक सर्रास होते. चोच असलेल्या रोजच्या भांड्याच्या तळाशी व चोचीत राहिलेले तेल हवेशी संयोग होऊन खवट झालेले असते आणि नव्या तेलालाही ते लवकर बिघडवते, म्हणून भांडे लहान, आठवड्याभरात रिकामे होईल असे असावे, आणि भरण्यापूर्वी ते गरम पाण्याने धुऊन वाळवावे. मोठा डबा अंधारात, शेगडीपासून दूर राहावा. भांड्याखालची ताटली मात्र वगळू नये. ओट्यावरचा चिकट गोल डाग तिच्याखेरीज टळत नाही.