चूल एक की दोन?

लग्नाची यादी एकच असते असे बाहेरच्या माणसाला वाटते. घरात ती चार ठिकाणी असते. साताऱ्याच्या एका घरातून माझ्याकडे आजीची वही आली, वडिलांची डायरी आली, आईने मोठ्या मुलाच्या लग्नातल्या यादीवरून उतरवलेले कागद आले आणि नवऱ्या मुलीने फोनमधून काढलेली फाइल आली. मिळून ६१२ ओळी झाल्या. त्यातली घरे किती, हे त्या चौघांपैकी कोणालाच सांगता येत नव्हते. पत्रिका छापायच्या होत्या आणि कार्यालयाला जेवणाच्या पानांचा आकडा द्यायचा होता.

मी मूळची ग्रंथालयातली. तालिकेत कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच माणसाची दोन नावे असली, तरी एक प्रमाण ठरवायचे आणि दुसऱ्या नावाचे कार्ड ‘पाहा’ असे लिहून ठेवायचे, पण फेकायचे नाही, हे मी तिथे शिकले. लग्नाच्या याद्यांचे काम मी गेली बारा वर्षे त्याच पद्धतीने करते. नाव खोडून टाकले की त्या नावाने विचारणाऱ्या माणसाला उत्तर देता येत नाही. आणि आजी तर विचारणारच: “माझ्या वहीतली शालू कुठे गेली?”

म्हणून सगळ्यात आधी मी प्रत्येक ओळीला तिचा पत्ता देते. आजीच्या वहीतली सतरावी ओळ ‘आजी-१७’, वडिलांची चाळिसावी ‘बाबा-४०’. हा पत्ता शेवटपर्यंत बदलत नाही. त्यानंतर ‘सौ.’, ‘श्री.’, ‘श्रीमती’, ‘ॲड.’, ‘डॉ.’ हे सारे नावापासून तोडून वेगळ्या रकान्यात टाकते. उपाधी नावाला चिकटलेली राहिली तर ‘सौ. माधवी’ आणि ‘माधवी’ कधीच शेजारी येत नाहीत. शिवाय उपाधी वेगळी असली की ती स्वतंत्रपणे तपासता येते. जुन्या यादीतून उतरवलेले ‘सौ.’ मधल्या काळात नवरा गेलेल्या बाईच्या पाकिटावर जाऊ नये, याची मला सगळ्यात जास्त धास्ती असते.

मग फोन नंबर. कोणी +91 लावतो, कोणी आधी शून्य, कोणी मधे जागा सोडतो. शेवटचे दहा आकडे तेवढे घेतले की ते एका रांगेत येतात:

```
=RIGHT(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2," ",""),"-",""),10)
```

नंबर जुळला म्हणजे माणूस तोच, असे मात्र नाही. पुण्यात नोकरी करणारा मुलगा आपलाच नंबर आईवडिलांच्या नावापुढेही देतो. मुलगा पुण्यात आणि आईवडील गावाकडे असतील तर पत्रिका दोन लागतात. त्यामुळे नंबर जुळलेल्या ओळी मी शेजारी आणते, पण एक करण्याआधी गाव पाहते.

नावांची जुळणी याहून कठीण आहे, आणि त्यातला एक भाग निव्वळ टायपिंगचा आहे. ‘ॲड.’ एका कळफलकावर एकाच अक्षरचिन्हाने येते आणि दुसऱ्यावर ‘अ’ला वेगळा चंद्र जोडून येते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. ‘कऱ्हाडे’मधला ऱ देखील दोन प्रकारे टंकता येतो, आणि एका प्रकारात एक अदृश्य जोडचिन्ह असते. हे ओळखायचे असेल तर LEN लावून पाहावे: दिसायला सारख्या दोन नावांची लांबी वेगळी आली की आत काहीतरी दडलेले आहे. ते अदृश्य चिन्ह सरसकट काढून टाकणे ही मी सुरुवातीला केलेली चूक. त्याने ‘कऱ्हाडे’चे ‘कर्हाडे’ झाले आणि ते तसेच पाकिटावर छापले गेले. आधी ऱ जागेवर आणायचा, मग चिन्ह काढायचे:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(TRIM(B2),
"र्"&UNICHAR(8205),"ऱ्"),UNICHAR(8205),""),"अॅ","ॲ")
```

सुनीता-सुनिता यांसारखे ऱ्हस्व-दीर्घाचे फरक मी सूत्राने बदलत नाही. ते नाव ज्या बाईचे आहे ती स्वतः जसे लिहिते तसेच ठेवायचे.

एवढे झाल्यावर ६१२ ओळींच्या साधारण ४८० झाल्या. पुढचे काम आजीच्या खाटेशेजारी बसून करायचे होते. नात्याची नावे सांगणाऱ्यागणिक बदलतात. वडिलांची ‘माई आत्या’ नातीच्या फोनमध्ये ‘सांगली आजी’ असते. आणि शालू? तिच्यासाठी आम्ही पाऊण तास यादी चाळली. शेवटी आजीच कपाळावर हात मारून म्हणाली, “अगं, शालू म्हणजे माधवीच की. सासरी नाव बदललं तिचं. मी आपली अजून शालूच म्हणते.” वडिलांच्या डायरीत ती चिपळूणची माधवी होती. माहेरचे नाव, माहेरचे आडनाव, सासरचे नाव, सासरचे आडनाव: दोन याद्यांत एकही शब्द समान नाही आणि बाई एकच. कोणतेही सूत्र हे पकडणार नव्हते. आता मुख्य यादीत ती माधवी आहे, कारण ती स्वतः तेच नाव लावते, आणि ‘असेही म्हणतात’ या रकान्यात शालू आहे.

उलटी चूक याहून महाग पडते. डायरीत ‘जी. एन. जोशी, सांगली’ होते आणि आईच्या कागदावर ‘गोविंदराव जोशी, सांगली’. आडनाव एक, गाव एक, आद्याक्षर एक. मी दोन ओळींची एक केली. यादी वाचून दाखवताना आजीने थांबवले. “गोविंद दोन आहेत. दोघा भावांनी आपापल्या थोरल्याला आजोबांचं नाव ठेवलं. एक नारायणाचा, एक महादेवाचा.” म्हणजे जी. एन. आणि जी. एम. आईने वडिलांचे नाव लिहिले नव्हते, एवढ्यावरून महादेवाच्या घराला पत्रिका गेली नसती. ‘बाबा-६२’ आणि ‘आई-११’ हे पत्ते शाबूत होते म्हणून दोन मिनिटांत ओळी पुन्हा वेगळ्या झाल्या.

त्या दिवसापासून केवळ नाव आणि गाव जुळले म्हणून मी ओळी एक करत नाही. तिसरी खूण लागते: वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, फोन, नाहीतर घरातल्या कोणाचा तरी ठाम शब्द. ती मिळाली नाही तर दोन्ही ओळी ठेवते. एका घरी दोन पत्रिका गेल्या तर एक पाकीट वाया जाते. एका घरी गेलीच नाही, तर पुढच्या प्रत्येक कार्यात त्याची आठवण निघते.

सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न माणसांचा नसून चुलीचा असतो. सख्खे भाऊ एका वाड्यात राहतात, पण स्वयंपाक वेगळा होतो की एकत्र? चूल एक तर पाकीट एक आणि ‘सहकुटुंब’. चुली दोन तर पाकिटे दोन, मग दार एकच का असेना. हा प्रश्न मी आईला विचारते, वडिलांना नाही. साताऱ्याच्या त्या घरात वडिलांनी ज्या तीन भावांना एक घर धरले होते, त्यांच्या चुली वेगळ्या होऊन सहा वर्षे झाली होती, आणि हे फक्त आईला माहीत होते.

पाकिटांचा आकडा ४३१ निघाला. छापायला दिल्यानंतर मी चौघांच्या मूळ याद्या मागून घेते आणि लग्न होईपर्यंत परत देत नाही, कारण आठवलेले नवे नाव लोक सवयीने आपल्याच वहीत लिहितात. साताऱ्यालाही तसेच केले. चौथ्या दिवशी आजीचा फोन आला, एक नाव राहिले होते म्हणून. मी शोधले. ते घर आईच्या यादीतून आधीच आले होते, वेगळ्या नावाने. आजीचे नाव शेजारच्या रकान्यात घातले आणि पाकीट तेच ठेवले.