लांब रेघ

ठाण्याहून डोंबिवलीला जाणाऱ्या लोकलमध्ये उभ्याउभ्या मी टीममधल्या ज्युनिअरला चॅटवर एक ओळ पाठवली. सर्व्हरवरच्या जुन्या साइटच्या फोल्डरवर नवीन फाइली चढवायच्या होत्या. त्याआधी काय काय बदलेल, हे नुसतं पाहून घ्यायचं होतं. जुन्या फोल्डरमधली सेटिंगची फाइल आम्ही हातानं बदललेली होती, तिच्यावर नवीन फाइल जाऊन बसू नये एवढीच माझी काळजी. मी टाइप केलं ते असं:

```
rsync -av --dry-run new/ site/
```

त्यानं ती ओळ टर्मिनलमध्ये पेस्ट केली आणि मला फोन केला. "सर, फाइलींची यादी आली. पण शेवटी एरर दाखवतोय, कोड 23."

मी म्हणालो, "ड्राय रन आहे, त्यात असलं काहीतरी येतंच. राहू दे, घरी पोचलो की बघतो."

ही माझी पहिली चूक. कोड 23 म्हणजे काही फाइली पोचल्या नाहीत. 'वर दिलेल्या चुका बघा', असं rsync त्याच ओळीत सांगतं. वर बघ, असं मी त्याला म्हणालोच नाही.

घरी पोचण्याआधीच फोन सुरू झाले. साइटवर चाचणीचा डेटा दिसत होता. सेटिंगची फाइल बदलली गेली होती. मी त्याला फोन लावला आणि पहिलं वाक्य टाकलं, "ड्राय रन का काढलंस?" ही दुसरी चूक, आणि तिची लाज अजून वाटते.

तो शांतपणे म्हणाला, "सर, मी काही काढलं नाही. तुम्ही पाठवलं तेच पेस्ट केलं." आणि त्यानं स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यातली ओळ अशी होती:

```
rsync -av —dry-run new/ site/
```

दोन छोट्या रेघांच्या जागी एक लांब रेघ. माझ्या आयफोननं मी टाइप करतानाच `--` ची जोडी जुळवून टाकली होती. पत्र लिहिताना ही सोय चांगली, पण rsync ला पर्याय ओळखू येतो तो फक्त साध्या `-` वरून. शब्द त्यानं सुरू झाला नाही, तर तो कुठल्यातरी फाइलचं नाव आहे असं ते धरतं. म्हणून त्यानं `—dry-run` नावाची फाइल शोधली, ती सापडली नाही म्हणून एक ओळ तक्रार केली आणि पुढच्या `new/` कडे वळून खरीखुरी कॉपी केली. आलेली यादी हुबेहूब ड्राय रनसारखीच दिसते. फरक शेवटी कळतो: खऱ्या ड्राय रनमध्ये बेरजेच्या ओळीच्या टोकाला `(DRY RUN)` लिहिलेलं असतं. आमच्या पडद्यावर ते नव्हतं.

रात्रीच्या बॅकअपमधून सेटिंगची फाइल परत आणली, पाऊण तासात साइट उभी राहिली. मी ज्युनिअरची माफी मागितली. पण त्या रात्री झोप लागेना, कारण मला आणखी एक ओळ आठवली होती.

महिन्याभरापूर्वी एका ग्राहकाची तक्रार होती की त्यांच्या विनंत्या मध्येच तुटतात. नेहमी लागणाऱ्या कमांड मी चॅटवर स्वतःलाच पाठवून ठेवतो. त्यातलीच एक उचलून चालवली होती:

```
grep -c “timeout” app.log
```

उत्तर आलं, 0. मी छातीठोकपणे कळवलं की आमच्या लॉगमध्ये असं काही नाही, तुमचं नेटवर्क तपासा. उठून पुन्हा चालवलं, या वेळी अवतरणचिन्हं हातानं साधी टाइप करून. आकडा तीन अंकी आला. शेलच्या लेखी वळणदार अवतरणचिन्ह हे इतर अक्षरांसारखंच एक अक्षर. त्यामुळे grep नं त्या चिन्हांसकट शब्द शोधला, तसा शब्द लॉगमध्ये कुठेच नव्हता आणि 0 हे उत्तर त्याच्या परीनं बरोबरच होतं. तिथे एररची ओळसुद्धा नव्हती. rsync नं निदान कुरकुर तरी केली होती. दुसऱ्या दिवशी ग्राहकाला फोन करून चूक कबूल केली.

आता आयफोनच्या कीबोर्ड सेटिंगमधलं `Smart Punctuation` मी बंद केलंय आणि मॅकवरची तशीच सोयही. पण समोरच्याच्या फोनवर ती चालू असेल, तर माझ्याकडे बिघडलेलीच ओळ येणार. चॅटमध्ये कोडची चौकट करूनही भरवसा नाही, कारण बदल कीबोर्डपाशीच होऊन गेलेला असू शकतो. म्हणून लिनक्सवर आधी नुसतं `cat -A` चालवतो, आलेली ओळ त्यात पेस्ट करून एंटर दाबतो. इथे ती कमांड म्हणून चालत नाही, फक्त उलगडून दिसते:

```
rsync -av M-bM-^@M-^Tdry-run new/ site/$
```

साधी रेघ साधीच राहते आणि लांब रेघेचे तीन बाइट असे उघडे पडतात. शेवटचा `$` म्हणजे ओळीचा शेवट. मग Ctrl-C दाबून बाहेर पडतो आणि बिघडलेली चिन्हं हातानं टाइप करतो. ज्युनिअरनंही ही सवय लावून घेतली आहे. माझ्याकडून आलेली ओळ तर तो हमखास तपासतो.