रस्ता बंद होता

नंदिनी रोडवरच्या छापखान्यात तपासलेली प्रुफं देऊन निघाले तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. पॉवर हाऊसच्या चौकाकडे स्कूटी वळवली, तर पुढे पोलिसांनी दोर बांधलेला. एक शिपाई हात हलवून सगळ्यांना मागे वळवत होता. दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, ‘‘एक जुलाई है ना.’’

भिलाईत वाढलेल्या माणसाला तारीख विचारावी लागू नये. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्टेशनापाशी रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात सोळा जण गेले. दरवर्षी या दिवशी लाल-हिरवे झेंडे घेऊन लोक इथे येतात. लाल कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा.

मला घरी, हुडकोला जायचं होतं. भिलाईचा नकाशा सोपा आहे, आणि तीच त्याची अडचण आहे. रेल्वेलाइन आणि जी. ई. रोड शेजारी शेजारी धावतात. लाइनीच्या दक्षिणेला पोलाद कारखान्याची टाउनशिप : सेक्टर, रुंद रस्ते, झाडं, क्वार्टर. उत्तरेला छावणी, कॅम्प एक, कॅम्प दोन, जामुल आणि खाजगी कारखाने. इकडून तिकडे जायला मोजकेच पूल आणि बोगदे आहेत. त्यातला पॉवर हाऊसचा बंद झाला की शहर मधोमध फाटतं. रुळांवर बसलेल्यांना ते नीट ठाऊक असणार.

मागे वळले आणि कॅम्प दोनच्या गल्ल्यांत शिरले. खरं सांगते, चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात या गल्ल्यांतून मी एकटी कधी गेले नव्हते. लहानपणी ‘लाइनीपलीकडे’ म्हणजे कपडे शिवायला टाकायला, तेही बाबांच्या सायकलच्या दांड्यावर बसून.

पाऊस थांबून अर्धा तास झाला होता. माझा बेत होता चंद्रा-मौर्या टॉकीजजवळच्या बोगद्यातून पलीकडे निघायचा. पण पावसाळ्यात तो बोगदा भरतो, आणि वरून पाहून खोली कळत नाही. आमच्याकडे सगळे एकच युक्ती करतात : दुसरं कुणी आधी जाईपर्यंत थांबायचं. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं की सायलेन्सर बुडतो. तशात शिरायचंच असेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही, कारण सोडला की पाणी आत येतं आणि गाडी मधेच बंद पडते.

बोगद्यापर्यंत जावंच लागलं नाही. हातपंपावर हंडा भरणाऱ्या एका बाईने मला थांबवलं.

‘‘एती ले झन जा दीदी, पुल म पानी भरे हे.’’

इकडून जाऊ नको, पुलाखाली पाणी भरलंय. तिने हाताने वळणं दाखवली : मंदिरापासून उजवीकडे, मग वैशाली नगर, मग कोहक्याच्या बाजूने नेहरू नगर गाठायचं आणि तिथून लाइन ओलांडायची. सुपेल्याला जाऊ नको म्हणाली, पॉवर हाऊसला अडवलेली सगळी वाहनं तिकडेच लोटलीत. मी सहज विचारलं, तू नाही गेलीस रॅलीला? ती म्हणाली, घरचे गेलेत, पाण्याची वेळ होती म्हणून ती थांबली. मग हंडा उचलता उचलता म्हणाली, ‘‘सोला झन रिहिन.’’

सोळा जण होते.

पुढच्या दोन गल्ल्या मी ते वाक्य घोळवत गेले. छत्तीसगढीत ‘झन’ म्हणजे ‘नको’, आणि ‘झन’ म्हणजे ‘जण’ही. पहिल्या वाक्यात तिने मला अडवलं आणि दुसऱ्यात माणसं मोजली, एकाच शब्दाने. मराठीत आणताना मला दोन शब्द लागले.

असाच दुसरा एक शब्द मला लहानपणी फसवून गेला होता. या लोकांची संघटना छत्तीसगढ मुक्ती मोर्चा. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीला मोर्चा म्हणजे रस्त्याने घोषणा देत चालणारी माणसं. मला वाटे, हे लोक कायम चालतच असतात, कुठे थांबतच नाहीत. हिंदीत मोर्चा म्हणजे आघाडी, लढाईची फळी, हे फार उशिरा कळलं. म्हणजे चालणारे नव्हे, पाय रोवून उभे राहणारे. त्यांची मागणीही तशीच होती : जगण्यापुरती मजुरी, आणि वर्षानुवर्षं ठेकेदारीत राबल्यावर कायम नोकरी. संघटनेत गेले म्हणून उत्तरेकडच्या खाजगी कारखान्यांतून हजारो लोकांना काढून टाकलं होतं. दक्षिणेच्या क्वार्टरमध्ये आम्हाला या गोष्टी वर्तमानपत्रातून कळत, आणि वर्तमानपत्र बाबा लवकर घडी घालून ठेवत.

नेहरू नगरच्या बाजूने लाइन ओलांडली तेव्हा पाच वाजत आले होते. सेक्टर ९चं हॉस्पिटल मागे टाकून हुडकोत शिरले. पंचवीस मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला होता. जी. ई. रोडवर ज्या माणसाचे फोटो घेऊन लोक उभे होते, ते शंकर गुहा नियोगी आमच्या याच हुडकोत राहत. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे त्यांना इथल्या घरात झोपेत गोळी घातली गेली. त्यानंतरच्या वर्षीच रुळांवरचा गोळीबार. बाबांनी निवृत्तीनंतर हुडकोत घर घेतलं तेव्हा यावर आम्ही कुणी काही बोललो नव्हतो.

बाबा ओट्यावर बसले होते. आता त्यांना ऐंशी लागलंय.

‘‘उशीर केलास.’’

‘‘पॉवर हाऊसला रस्ता बंद होता.’’

मी बोलले आणि थबकले. हे वाक्य माझं नव्हतं. १९९२ च्या त्या दिवशी बाबांची पहिली पाळी होती. सुटल्यावर ते सायकल घेऊन कॅम्पात शिंप्याकडे गेले आणि रात्री दहा वाजता परतले. आई दारात उभी होती. त्यांनी पाय धुतले, ‘‘रस्ता बंद होता’’ एवढंच म्हणाले, आणि जेवायला बसले. मी सातवीत होते. पुन्हा कधी विचारलं नाही.

आज विचारलं. ‘‘बाबा, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?’’

ते बराच वेळ फाटकाकडे बघत राहिले.

‘‘कॅम्पात. आवाज आल्यावर लोक पळायला लागले. एका घरातल्या बाईने मला आत ओढलं, सायकलसकट. दार लावून घेतलं. तीन-चार तास बसलो तिथे. तिचा नवरा सकाळपासून रुळावर गेला होता.’’

‘‘मग आला?’’

‘‘मी निघेपर्यंत नव्हता आला.’’

‘‘नंतर?’’

त्यांनी मान हलवली. ‘‘नाव विचारलं नव्हतं. तिने चहा केला होता.’’

‘‘पुन्हा गेला नाहीत?’’

‘‘कारखान्यात कायम होतो मी,’’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘‘घर सापडलं असतं. मागची वाट ठाऊक होती मला.’’

मी आत जाऊन चहा टाकला. वाटेत भेटलेल्या त्या बाईचं नाव मीही विचारलं नव्हतं.